नवीन स्टार्टअपमध्ये जाण्याआधी रिक्रूटरला पैशांचं आणि पगाराचं विचारावं का?

काठावरची (प्रश्न):
एका छोट्या स्टार्टअपची ऑफर तोंडी आलीये, लेखी पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. कंपनी दीड वर्षाची, वीसेक माणसं. रिक्रूटरला विचारावंसं वाटतंय की तुमच्याकडे पैसे किती महिने पुरतील आणि आजवर कुणाचा पगार लांबलाय का. मैत्रीण म्हणते असलं विचारलंस तर ऑफर हातची जाईल. विचारू का? आणि विचारायचं तर कसं?

सरळरेषा:
नको विचारूस. एवढ्या लहान टीममध्ये फाउंडर लोक पहिलं बघतात ते हे की माणूस आपल्या कामावर विश्वास ठेवून येतोय की नाही. तू बँक बॅलन्स विचारलास की रिक्रूटर तिकडे जाऊन "कॅंडिडेट जरा डळमळीत वाटते" एवढंच सांगणार आणि रांगेत दुसरा कुणीतरी असतोच. फंडिंगच्या बातम्या नेटवर असतात, त्या वाच आणि ठरव. आणि ज्याला स्थैर्य पाहिजे त्याने स्टार्टअपमध्ये जाऊच नये हे माझं स्पष्ट मत, राग मानू नकोस.

हिशेबनीस:
सरळरेषा, बातम्या वाचून ठरव हा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो. छोट्या कंपन्यांचे हिशेब बघण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत. बातमीत येतो तो जाहीर केलेला आकडा, खात्यात आलेला नव्हे. बऱ्याच वेळा पैसे हप्त्याहप्त्याने येतात, पहिला हप्ता आत्ता आणि बाकीचा अमुक इतके ग्राहक झाले किंवा अमुक प्रॉडक्ट बाजारात आलं की मग. ते टप्पे गाठले नाहीत तर उरलेला पैसा येतच नाही, आणि त्याची बातमी कुणी छापत नाही.

काठावरची, एक कल्पित कंपनी घे म्हणजे लक्षात येईल. बातमी म्हणते ३ कोटी उभे केले. प्रत्यक्षात पहिला हप्ता दीड कोटीचा आला, त्यातले ६० लाख संपले, म्हणजे आज खात्यात ९० लाख. महिन्याचा खर्च २० लाख, ग्राहकांकडून खरोखर जमा होतात ५ लाख. म्हणजे दर महिन्याला खात्यातून १५ लाख कमी होतात आणि पैसे पुरतात ६ महिने. आता ते तुझ्यासारखे अजून चार जण घेतायत, पगार, लॅपटॉप, बाकीचं सगळं धरून ३ लाख वाढले की घट झाली १८ लाखांची आणि महिने राहिले ५. तू रुजू होईपर्यंत त्यातले एक-दोन गेलेले असणार. नवीन इन्व्हेस्टर शोधायला सुरुवात केल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत तीन ते सहा महिने सहज जातात, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणजे या कंपनीने आजच धावपळ सुरू केलेली असायला हवी.

म्हणून "किती फंडिंग आहे" हा प्रश्नच विचारू नकोस, त्याचं उत्तर ऐकायला छान असतं आणि कामाला येत नाही. विचार असं: "आत्ता जी भरती चालू आहे ती धरून, आणि नवीन पैसे आले नाहीत असं समजून, हातातले पैसे किती महिने पुरतील?" यात आकडा मागितलेला नाही, महिने मागितलेत. आकडा गुप्त ठेवायचा असला तरी महिने सांगता येतात.

फुलटाइम_आशावादी:
हिशेबनीस यांचं गणित ठीक आहे पण सगळ्यांना लागू नाही. पाठीमागे मोठा नावाजलेला इन्व्हेस्टर असेल तर ते कंपनीला असं बुडू देत नाहीत, शेवटी त्यांचे पैसे अडकलेले असतात, पैसे उभारायचा पुढचा राउंड तेच भरतात. तेव्हा फक्त इन्व्हेस्टर कोण ते बघ.

हिशेबनीस:
जुने इन्व्हेस्टर मधल्या काळासाठी थोडे पैसे घालतात हे खरं, पण ते बंधन नसतं, तो त्यांचा त्या वेळचा निर्णय असतो. अमेरिकेतली फास्ट नावाची चेकआउटचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी आठवा. जानेवारी २०२१ मध्ये १०.२ कोटी डॉलर उभे केले, राउंडला पुढे होती ऑनलाइन पेमेंटमधली बडी कंपनी स्ट्राइप, म्हणजे नावाला तोड नाही. एप्रिल २०२२ मध्ये कंपनी बंद. त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे २०२१ ची अख्ख्या वर्षाची कमाई साधारण ६ लाख डॉलर होती आणि खर्च महिन्याला १ कोटी डॉलरच्या घरात. मोठं नाव पाठीशी असल्याने खर्चाचा वेग कमी होत नाही, उलट कधीकधी वाढतोच.

पगारवाढ_प्रेमी:
मी तर म्हणतो बिनधास्त विचार, आणि विचारताना सध्याच्या पगारावर ३० टक्के तरी वाढवून माग, स्टार्टअपवाले पहिल्यांदा कमीच सांगतात, मला दोनदा वाढवून मिळालंय.

काठावरची:
अहो पगार किती ते ठरलंय, तो हातात येईल का हे विचारतेय 🙂

उशिराची_पावती:
माझंच सांगतो, नाव घेत नाही. इंटरव्ह्यूत मी विचारलं होतं, पगार वेळेवर होतात ना, तर एचआर म्हणाली हो हो अगदी. खोटं नव्हती बोलत, कर्मचाऱ्यांचे पगार तोवर झाले होते. पण आत गेल्यावर कळलं की फाउंडरांनी स्वतःचा पगार केव्हाच थांबवला होता, फ्रीलान्सरांची बिलं थकली होती, आणि आमच्या पगारातून कापलेला टॅक्स भरायलाच उशीर होत होता. मग आमची पाळी आली, आधी चार दिवस उशीर, बँकेची अडचण आहे म्हणाले, मग अर्धा पगार आणि अर्धा पुढच्या महिन्यात, मग फक्त "या आठवड्यात नक्की" असे मेसेज. शेवटचे पैसे अजून आलेले नाहीत. तेव्हा नुसतं वेळेवर होतात का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

हिशेबनीस:
उशिराची_पावती यांनी क्रम बरोबर सांगितलाय, पैसे आटायला लागले की बहुतेक ठिकाणी अशाच पायऱ्या दिसतात, आधी बाहेरची बिलं, मग कापलेल्या रकमा, आणि पगार सगळ्यात शेवटी, कारण पगार चुकला की माणसं त्याच दिवशी बोलायला लागतात. त्यामुळे प्रश्न असा ठेव: "गेल्या वर्षभरात कुणाचा पगार, फाउंडर आणि फ्रीलान्सर धरून, एक दिवस तरी लांबला का? लांबला तर का, आणि लोकांना आधी सांगितलं होतं का?" एकदा लांबला म्हणून मी कंपनीवर फुली मारणार नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली स्टार्टअपवाल्यांची सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली तेव्हा पैसे असूनही पगार कसे करायचे या चिंतेत कितीतरी कंपन्या होत्या, ठेवीदारांचे पूर्ण पैसे मिळतील हे तिथल्या सरकारने दोन दिवसांनी सांगितलं. असं कारण वेगळं आणि दर महिन्याला नवीन कारण वेगळं. फाउंडर स्वतः पगार घेत नाही हेही एकट्याने वाईट लक्षण नाही, सुरुवातीला बरेच जण घेत नाहीत. आधी घेत होता आणि मध्येच थांबवला असेल, तर मात्र का ते विचार.

दोन_टेबलं:
मी रिक्रूटर आहे, बाहेरच्या एजन्सीत. प्रामाणिकपणे सांगते, हातातले महिने आम्हाला माहीत नसतात. कंपनीतला एचआरही बहुतेक वेळा अंदाजच सांगतो. आम्हाला विचारलंत तर "कंपनी वेल फंडेड आहे" हे तयार वाक्य मिळेल, ते क्लायंटनेच दिलेलं असतं. तुम्ही आम्हाला एवढंच म्हणा की लेखी ऑफर आल्यावर, सही करायच्या आधी, फाउंडरशी किंवा फायनान्स बघणाऱ्याशी वीस मिनिटं बोलायचंय. हे मी डोळे झाकून पुढे पाठवते, यात डळमळीत वगैरे कुणी लिहीत नाही. आणि एक गोष्ट मात्र आम्हाला माहीत असते, आमची फी आम्हाला त्या क्लायंटकडून वेळेवर मिळते का. सरळ विचारा. मी आकडा सांगणार नाही, पण गप्प बसले तर काय ते समजा.

सरळरेषा:
सही करायच्या आधी फाउंडरशी बोलणं हे मला मान्य, माझा विरोध पहिल्याच फोनवर बँक बॅलन्स विचारायला होता. तरी माझं म्हणणं कायम, काही फाउंडर यावरूनही नाराज होतात.

दोन_टेबलं:
होतात, नाही कुठे म्हणतेय. माझ्यासमोर एका कॅंडिडेटची ऑफर यावरून थंड पडलीये. कंपनी पुढे नीट चालली, बुडली वगैरे नाही. म्हणजे असं नाही की चिडलेला फाउंडर कफल्लकच असतो.

स्वतःचंच_दुकान:
दुसरी बाजू मांडतो, माझी छोटी कंपनी आहे. राउंड चालू असताना मी कुणालाही महिने सांगत नाही. आज सांगितलेला आकडा उद्या बाहेर फुटला आणि इन्व्हेस्टरच्या कानावर गेला की यांच्याकडे चारच महिने उरलेत, तर तो थांबून राहतो आणि किंमत पाडतो. शिवाय आकडा दर आठवड्याला बदलतो, मी नऊ म्हणालो आणि एका ग्राहकाने पैसे अडकवले तर सहा होतात, मग मी खोटारडा ठरणार का? पगाराचा रेकॉर्ड मात्र मी सगळ्यांना सांगतो, तो मागचा आहे, लपवण्यासारखं काही नाही.

उशिराची_पावती:
तुमची अडचण कळते हो, पण तुमच्या राउंडची किंमत सांभाळायला मी माझी चालू नोकरी सोडून यायचं आणि मलाच माहीत नसायचं की चारच महिने उरलेत, हे कसं पटावं?

स्वतःचंच_दुकान:
पटवा असं म्हणतच नाहीये. तुम्ही येऊ नका, तो तुमचा हक्क. मी फक्त न सांगण्याचं कारण सांगितलं.

हिशेबनीस:
मधला मार्ग असतो. आकडा नको, "सहा महिन्यांच्या वर की खाली" एवढं सांगा. तेही नको असेल तर ऑफरमध्ये जोखीम वाटून घ्या, नोटीस पीरियड सुरुवातीचं वर्ष छोटा ठेवा, शेअर्सच्या आश्वासनाऐवजी रोख थोडी जास्त द्या. पगार अडकला तर तीन महिने नोटीस देत फुकट राबावं लागू नये एवढं तरी माणसाला मिळालं पाहिजे.

काठावरची:
अपडेट. दोन_टेबलं यांनी सांगितलं तसंच रिक्रूटरला कळवलं, काही खळखळ नाही, काल फाउंडर स्वतः बोलले. पगार एकदाही लांबलेला नाही म्हणाले, फ्रीलान्सरांचे पैसे एकदा दोन आठवडे उशिरा दिले हेही आपणहून सांगितलं. महिने विचारल्यावर म्हणाले ११, पण त्यात पुढच्या तिमाहीत येणारा एक मोठा ग्राहक धरलाय. तो काढला तर किती, हे मी लगेच विचारलं, म्हणाले ७. नोटीस एक महिन्यावर आणायला तयार आहेत.

फुलटाइम_आशावादी:
मग प्रश्न मिटला, जा बिनधास्त!

हिशेबनीस:
७ धर, ११ विसर. त्या ग्राहकाशी करार झालाय की नुसती बोलणी आहेत हे कळलं का? आणि ७ मध्ये नवीन भरती धरलीये ना?

काठावरची:
भरती धरलीये. कराराचं विचारायचं राहिलं, ईमेल टाकलाय.

सरळरेषा:
आता बास कर गं, अजून किती विचारशील 😅

उशिराची_पावती:
विचारू दे. सही अजून झालेली नाहीये.