बटाटा काढणी: गोणीवरची मजुरी आणि जेवणाची कपात, हिशोब जुळत नाही. मदत हवी आहे

घोडनदी:
माझे मामा-मामी आणि त्यांच्या वाडीतली आणखी सहा माणसं आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा काढायला गेली होती. ठरलं ते तोंडी: पन्नास किलोची गोणी, गोणीला ३५ रुपये, दोन वेळचं जेवण मालकाकडे आणि त्याचे माणशी रोज ८० कापायचे. ४,००० उचल आधीच घेतली होती. आठ दिवस राहिले. मधले दोन दिवस पावसानं रान चिखल झालं, म्हणून सहाच दिवस काम झालं.

मामीच्या वहीत रोजच्या रेघा आहेत, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बेरीज ५७६ गोण्या. मालक ५२८ च धरतो, कारण बाजार समितीच्या पट्टीवर तेवढ्याच आहेत. त्यातून आठही दिवसांचं जेवण ५,१२० आणि उचल कापून ९,३६० हातात टेकवले. आमच्या हिशोबानं सहा दिवसांचं जेवण ३,८४० आणि उचल वजा करून १२,३२० होतात. म्हणजे २,९६० कमी. मामा म्हणतो, जाऊ दे, पुढच्या साली परत त्याच्याच दारात जायचंय. मला जाऊ द्यायचं नाहीये. काय करावं?

पठारवाला:
मी स्वतः बटाटा करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पाऊस पडला म्हणून आठ माणसांची चूल बंद राहत नाही. भाकरी तर खाल्ल्या ना? पैसे कापले तर त्यात चूक काय? गोण्यांचं मात्र मालकाचं पटत नाही. बेण्याला आणि घरी ठेवलेला बारीक माल पट्टीवर येतच नाही, पण तो वेचलेला असतो आणि भरलेलाही.

रानपाखरू:
ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे महामंडळ आहे, तिथे नाव नोंदवा. आमच्या बीडकडच्या टोळीलाही मुकादमानं असंच फसवलं होतं, कोयत्यामागे उचल फिरवली...

घोडनदी:
दादा, ही ऊसतोड नाही, बटाटा आहे. तरी आभार.

कायदेपंडित_नाही:
गोणीवर काम म्हणजे उक्तं. उक्त्याला किमान वेतन लागत नाही. आणि सहा महिन्यांत तक्रार केली नाही तर विषय संपला.

जुना_मुकादम:
वरचं अर्धंच बरोबर आहे. सहा महिन्यांची मुदत १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षं आहे. आणि उक्तं असलं म्हणून सूट नाही. दिवसाचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही त्याच्या खाली देता येत नाही. मालकाच्या आकड्यांनी बघा: १८,४८० मधून जेवण गेलं की १३,३६० उरतात. आठ माणसं गुणिले सहा दिवस म्हणजे ४८ रोज, रोजाला साधारण २७८ पडतात. शेतीचा चालू सरकारी दर काढा आणि शेजारी लिहा.

आता खरी गोष्ट. पट्टीवर नुसत्या गोण्या नसतात, वजनही असतं. ते मागा.

घोडनदी:
अडत्याकडून पट्टीचा फोटो मिळाला. ५२८ गोण्या, २८,५१२ किलो.

जुना_मुकादम:
भागून बघा. गोणीला ५४ किलो. शीग लावून भरून घेतल्यात. पन्नासानं धरलं तर त्याच्याच पट्टीवर ५७० गोण्या होतात, आणि घरी ठेवलेल्या ४८ वेगळ्याच. मामीची वही खोटी नाही, उलट कमीच आहे. बारदानाही विचारा: किती मोकळ्या गोण्या आणल्या आणि किती उरल्या. टेम्पो भरणाऱ्या हमालांनाही गोणीवरच पैसे मिळतात, त्यांचा आकडा सहसा चुकत नाही.

पावसाच्या दिवसांचं जेवण कापायचं की नाही, हे तोंडी काय बोललात त्यावर आहे. तिथे मी ठाम बोलणार नाही. पण दावा गेला तर पैसे पूर्ण दिल्याचं शाबीत करायचं ओझं मालकावर असतं, मजुरावर नाही.

पठारवाला:
५४ किलो म्हणजे जास्तच झालं राव. तरी आधी बोलून बघा. कचेरीत गेलात तर पुढच्या साली त्या आठजणांना पठारावर कोणी बोलावणार नाही, हेही खरंय.

घोडनदी:
मामाला तीच भीती आहे. रविवारी मामीची वही आणि पट्टीचा फोटो घेऊन जाणार आहोत. आधी ४८ गोण्यांचे १,६८० मागतो. वजनाचं तिथेच काढायचं की सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करताना, ते ठरत नाहीये. मामी म्हणते पावसाच्या जेवणाचे १,२८० सोडून देऊ, भाकरी खाल्ली होती.

जुना_मुकादम:
सोडायचं असेल तर शेवटी सोडा, आधी नको. आणि मिळालेल्या पैशाच्या कागदावर 'पूर्ण हिशोब मिटला' असं लिहिलं असेल तर मामीला अंगठा लावू देऊ नका.