टेरा-यूएसटीचा डॉलर कसा सुटला

> माझा भाऊ बोटीवर आहे. पगाराचे डॉलर स्टेबलकॉइनमध्ये ठेवतो म्हणतो. एक नाणं म्हणजे एक डॉलर, मग ते पडेल कसं?

त्याला आधी विचारा, त्या डॉलरमागे काय ठेवलंय? फोंड्यातले माझे एक स्नेही, तेही बोटीवरचेच, टेराच्या यूएसटी या स्टेबलकॉइनमध्ये अडकले, म्हणून तेच सांगतो.

यूएसटीमागे रोख डॉलर नव्हते. नियम असा, की एक यूएसटी नष्ट केलं की एक डॉलर किमतीचं लुना, म्हणजे टेराचंच भाव वरखाली होणारं दुसरं नाणं, नवीन छापून मिळणार. यूएसटी 98 सेंटला आलं, तर लोक ते विकत घेऊन डॉलरभर लुना घेणार, दोन सेंट कमावणार, आणि या खरेदीनेच भाव वर येणार. पण ते लुना विकत घेणारा कुणी असला तरच!

मे 2022 मध्ये सगळेच बाहेर पडायला धावले. लुना 80 डॉलरला होतं तेव्हा एका यूएसटीसाठी लुनाचा ऐंशीवा भाग पुरायचा. भाव एक सेंट झाल्यावर शंभर लुना छापावे लागले. जेवढे छापले तेवढा भाव पडला, आणि जेवढा पडला तेवढे आणखी छापावे लागले. सुमारे 35 कोटी लुनांचे काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेले.

राखीव डॉलर असलेलं दुसरं स्टेबलकॉइन यूएसडीसीसुद्धा मार्च 2023 मध्ये 90 सेंटच्या खाली गेलं होतं, कारण त्यातले 330 कोटी डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. ठेवी सुरक्षित असल्याचं अमेरिकी सरकारने जाहीर केल्यावर ते सावरलं. यूएसटीमागे असा डॉलरचा आधार नव्हता, आणि त्याला सावरायला ठेवलेले बिटकॉइनही पुरले नाहीत.