मदत हवी आहे: सूत्री की अर्धगुणसूत्री?

पुतणी लातूरला अकरावीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एकदम पेशीविभाजनाचे मायटॉसिस-मायोसिस. ‘मायटो म्हणजे सूत्री, मायो म्हणजे अर्धगुणसूत्री’ हे पाठ झालंय, पण खरी गोची पुढे आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकावरच्या पेशीत १६ गुणसूत्रं. विभाजनानंतर प्रत्येक पेशीत किती, तर तिनं ८ लिहिलं. कारण विचारलं तर म्हणते, ‘काका, पश्चावस्थेत अर्धगुणसूत्रं वेगळी होतात ना, मग हे अर्धगुणसूत्रीच!’ पोरीचं चुकलं तरी कुठं? प्रत्येक गुणसूत्राची जुळी अर्धगुणसूत्रं सुटतात आणि दोन्ही पेशींत १६-१६ जातात, म्हणून ते सूत्रीच. ८ येतात ते परागकण तयार होताना, कारण तिथं आधी समजात गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात. हे तिच्या डोक्यात पक्कं बसेल असं कुणी कसं शिकवलंय?