एम ८ चा टॅप भोकात तुटलाय, लवकर सांगा

घाईत_आहे
टॅप तुटून आत राहिलाय. प्लेट उद्या संध्याकाळी पार्टीला द्यायची आहे. बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर आणलाय, पण त्यासाठी भोक पाडायला गेलो तर ड्रिल नुसतं घासतंय, टोक निळं पडलं. काय करू?

बुलेटप्रेमी
मधोमध सेंटर पंच मार, डाव्या आट्याचं ड्रिल घे आणि सावकाश चालव. माझ्या गाडीचा सायलेन्सरचा बोल्ट असाच निघाला. ड्रिल चावलं की बोल्ट आपोआप उलटा फिरतो.

जुना_फिटर
बोल्टला ते चालतं, टॅपला नाही. टॅप तुमच्या ड्रिलइतकाच कडक असतो, वर ड्रिल गरम होऊन त्याची धार गेलीय. ड्रिलिंग थांबवा. आणि आधी हे सांगा: प्लेट कशाची? भोक आरपार आहे का? टॅप वर आहे की आत? फ्लूट किती?

घाईत_आहे
एमएस. आरपार नाही, २० मिमी खोल. टॅप पृष्ठभागापासून २ मिमी खाली. फ्लूट मोजले नव्हते, चार दिसतायत. हँड टॅप आहे.

केमिकल_काका
तुरटी! गरम पाण्यात तुरटी विरघळवून प्लेट बुडवून ठेवा, एक-दोन दिवसांत टॅप विरघळून जाईल.

जुना_फिटर
काका, ती युक्ती ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या जॉबला. इथे जॉबच लोखंडाचा. तुरटी टॅपही खाईल आणि प्लेटही.

केमिकल_काका
मी स्वतः केलंय, जॉबला काही झालं नाही.

जुना_फिटर
मग तुमचा जॉब ॲल्युमिनियमचा असणार.

घाईत, तुम्ही आणलाय तो बोल्टचा एक्स्ट्रॅक्टर बाजूला ठेवा. टॅपचा वेगळा मिळतो, त्याला बारीक बोटं असतात आणि ती टॅपच्या फ्लूटमध्ये बसतात. तुमच्याकडे चार फ्लूट असतील तर चार बोटांचाच घ्या, तीनचा चालणार नाही. आधी भोकातला कीस सुईने उकरा आणि हवा मारा, गॉगल घालून. मग रस्टचं तेल सोडा आणि थांबा. बोटं जातील तितकी खाली ढकला, वरची कॉलर सरकवून जॉबला टेकवा, नाहीतर बोटं पिळवटतात. मग एकदम उलटं फिरवायचं नाही. थोडं पुढे, थोडं मागे असं डोलवत राहायचं. मागे फिरवल्यावर टॅप स्प्रिंगसारखा परत येत असेल तर कीस अजून अडकलाय, पुन्हा साफ करा. बोटं वाकायला लागली की लगेच थांबा.

एक्स्ट्रॅक्टर मिळाला नाही तर पंच. बारीक टोकाचा पंच फ्लूटच्या भिंतीला तिरका लावा आणि हलक्या हाताने उलट्या दिशेला टोचा. एकदा या बाजूने, मग समोरच्या बाजूने. एकाच जागी मारत राहिलात तर कड निघून जाईल आणि मग पंचाला पकडच उरणार नाही.

बुलेटप्रेमी
पंचाने कशाला टोचत बसायचं? जोरात दोन फटके मारून फोडून टाका, टॅप ठिसूळच असतो.

जुना_फिटर
कार्बन स्टीलचा टॅप फुटेल, तुकडे बाहेर काढता येतील. हायस्पीडचा असेल तर फुटेलच असं नाही. उलट आट्यांत घट्ट बसला तर गेलं भोक. आणि तुकडा डोळ्यात जातो, हे मी चष्म्यावर झेललंय.

शिरोलीकर
स्पार्कवाल्याकडे टाका, मधला गाभा खाऊन टाकतो, उरलेले पाकळे चिमट्याने निघतात. शिरोलीत आहेत. प्लेट मोठी असेल तर मशीनच्या टाकीत बसते का ते आधी विचारा.

घाईत_आहे
एक्स्ट्रॅक्टर दुकानात नाही, उद्या मागवून देतो म्हणतोय. पंच लावला, टॅप किंचित हलला आणि परत घट्ट झाला. म्हणजे काय?

जुना_फिटर
कीस. हललाय म्हणजे आशा आहे. तेल आणि हवा, मग पुन्हा. आणि टॅपच्या आधी ड्रिल कितीचं मारलं होतं?

घाईत_आहे
६.५ चं. तेच हाताशी होतं. त्याचा इथे काय संबंध?

जुना_फिटर
एम ८ ला ६.८ लागतं. भोक लहान असलं की टॅपला जास्त धातू कापावा लागतो, वर आरपार नाही, मग कीस जाणार कुठे.

हौशी_सुतार
आट्या पाडताना खोबरेल तेल वापरलं तर टॅप तुटतो का? मी नेहमी वापरतो.

केमिकल_काका
खोबरेल चालतं. थंडीत गोठतं तेवढंच.

घाईत_आहे
अर्ध्या फेऱ्याने वर आलाय! आता प्लायरने पकडू का?

जुना_फिटर
पृष्ठभागाच्या वर आला असेल तरच. नाहीतर पंचच चालू ठेवा. आणि टोक खाली तुटून राहिलंय का ते बघा, टॅप किती लांबीचा होता?

बुलेटप्रेमी
अजून म्हणतो, ड्रिल मारा.

घाईत_आहे
लांबी माहीत नाही. शॉपमधला होता, आता वरचा तुकडा शोधतोय.