कड्या मागून उघड्या का?

> श्वासनलिकेच्या कड्या मागे उघड्या असतात, त्या फक्त घास उतरायला जागा मिळावी म्हणूनच ना?

घासाचं खरं आहे, अन्ननलिका अगदी मागेच असते, पण ती अर्धीच गोष्ट. कूर्चेच्या 16 ते 20 कड्या इंग्रजी सी अक्षरासारख्या असतात आणि त्यांची मागची टोकं ट्रेकिॲलिस नावाचा स्नायू जोडतो. खोकताना तो आवळतो, नळी अरुंद होते आणि हवा जोरात सुटून कफ ओढून नेते. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर बोट दाबल्यासारखं! पूर्ण गोल कडी असती तर हे जमलंच नसतं.

पण खोकला दर वेळी जिंकत नाही. गेल्या वर्षी सांगलीत भडंग खाताना माझ्या चार वर्षांच्या भाच्याच्या श्वासनलिकेत शेंगदाणा गेला आणि ठसका लागला. नळी जिथे दुभंगते ती धार म्हणजे कॅरिना. तिथलं अस्तर फार हळवं, त्यामुळे पोरगं खोकून लालबुंद. मग खोकला थांबला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. दोन दिवसांनी छातीत उजवीकडेच शिट्टी ऐकू येऊ लागली. उजवी शाखा जास्त रुंद आणि उभी, त्यामुळे दाणा बहुधा तिकडेच घसरतो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, फक्त त्या बाजूला हवा अडकून फुप्फुस फुगलेलं दिसलं. शेवटी दुर्बिणीने काढावा लागला.