मदत हवी आहे: ट्रेमध्ये किनाऱ्यावरची वाळू सरकताना कशी दाखवू?

सोलापुरात अकरावीला भूगोल शिकवते. वर्गात बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. तिरक्या लाटेचं उथळ पाण्यातलं टोक आधी मंदावतं, खोल पाण्यातलं पुढे सरतं, म्हणून लाट किनाऱ्याकडे वळते. हे मुलांना पटतं. मग ती पूर्ण समांतर का होत नाही, असं विचारतात. फुटताना थोडा तिरकेपणा उरतो आणि तेवढ्यानेच वाळू किनाऱ्याने पुढे सरकते, हे डोळ्यांनी दाखवायचंय. मधे ग्रॉइन म्हणून पट्टी रोवली की अलीकडे वाळू साचायला हवी, पलीकडे खचायला हवी, पुदुच्चेरीत बंदराच्या भिंतीच्या दक्षिणेला आणि उत्तरेला झालं तसं. पण ट्रेच्या काठांवरून परतणाऱ्या लाटा सगळं विस्कटतात. त्या कशाने शोषून घ्याव्यात? वाळूला उतार किती द्यावा? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.