‘दर षटकी किमान 9.6 धावा’: ‘दर’ म्हणजे सरासरी की प्रत्येक?

स्नेहलतागंज
इंदूरला आमच्या मंडळात रविवारी नववी-दहावीच्या मुलांना मराठीतून गणित शिकवतो. शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या, त्यामुळे वाक्यं मलाच जुळवावी लागतात. असमानतेसाठी उदाहरण दिलं : 5 षटकं उरलीत, 48 धावा हव्यात, म्हणजे ‘जिंकायला दर षटकी किमान 9.6 धावा हव्यात’. पुढचा प्रश्न : पहिल्या षटकात 6च धावा झाल्या, तर जिंकता येईल का? एका मुलीनं ‘नाही’ लिहिलं. कारण, अट पहिल्याच षटकात मोडली. दररोज म्हणजे रोजच्या रोज, मग दर षटकी म्हणजे प्रत्येक षटकात, असं तिचं म्हणणं. तिला गुण द्यावेत का, आणि वाक्य कसं लिहावं?

रामबागकर
‘दर’ काढा, नुसतं ‘षटकी’ ठेवा. माणशी दोन जिलब्या धरल्या म्हणून कुणी तिसरी उचलली तर हिशेब बिघडत नाही. ‘माणशी’त सरासरी मुरलेली आहे. आमच्या आजीच्या तोंडी असंच असायचं.

जुना स्कोअरर
शब्द कुठलाही घ्या, अट कशावर आहे ते आधी बघा. ती एकेका षटकावर नाहीच. पाचही षटकांची बेरीज 48 किंवा जास्त, एवढीच ती आहे. 9.6 हा तिला 5नं भागून आलेला आकडा. पहिल्यात 6 झाल्या की उरल्या 42, षटकं 4, फलकावर 10.5. षटक गतीपेक्षा कमी गेलं की पुढची गती चढते, जास्त गेलं की उतरते. सामना कुठे संपला?

तरी त्या मुलीची अट गमतीची आहे. धावा पूर्णांकात होतात, म्हणजे प्रत्येक षटकात 9.6 गाठायचे तर निदान 10 हव्यात. पाचांत 50 झाल्या. तिची अट पाळली तर जिंकालच, पण जिंकायला ती पाळायलाच हवी असं नाही. मी तिला अर्धे गुण देईन.

मालवामराठी
माझा आक्षेप ‘किमान’वर आहे. तेवढ्याच गतीनं खेळलात तर बरोबरी होते, विजय नाही. ‘9.6 पेक्षा जास्त’ हवं. होळकर स्टेडियमवर 2017च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियानं 293 केल्या होत्या, मी तिथे होतो. भारतानंही 293 केल्या असत्या तर टाय!

जुना स्कोअरर
टाय बरोबर, निष्कर्ष नाही. फलकावरची गती 293वर काढत नाहीत, लक्ष्यावर काढतात, आणि लक्ष्य होतं 294. भागिले 50, आले 5.88. जास्तीची एक धाव त्यात आधीच धरलेली आहे, म्हणून ‘किमान 5.88’. तुम्हाला ‘पेक्षा जास्त’च हवं असेल तर 293ला 50नं भागा, ‘5.86 पेक्षा जास्त’ म्हणा. दोन्ही अटी एकच, कारण 293 आणि 294च्या मधे धावसंख्याच नाही. (भारतानं 47.5 षटकांतच आटोपलं, ते सोडा.)

‘किमान’ची खरी अडचण दशांशात येते. 18 चेंडूंत 25 हव्यात, फलक 8.33 दाखवतो. त्याला 3नं गुणा : 24.99. आकडा खाली कापला की अट सैल होते. मुलांना चेंडूंवरच अट लिहायला लावा, भानगडच नाही.

उषामावशी
नेट रनरेटला ‘निव्वळ धावगती’ म्हणायचं का? आमच्या ह्यांना वर्ल्डकपभर तोच प्रश्न पडलेला असतो.

जुना स्कोअरर
मावशी, तो गुणतक्त्याचा हिशेब, हा पाठलागाचा. ‘निव्वळ’ चालेल मात्र.

रामबागकर
मूळ घोळ ‘षटक’ आणण्यात आहे. घरात सगळे ‘ओव्हर’ म्हणून राहिले आणि मुलांच्या कागदावर षटक! ‘ओव्हरमागे’ लिहिलं असतं तर ती मुलगी अडली नसती.

मालवामराठी
‘षटक’ काय वाईट आहे? सहाचा गट, शब्दातच आकडा. ‘ओव्हर’मधे काय दिसतं?

रामबागकर
ऑस्ट्रेलियात 1978-79पर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती. तिला ‘अष्टक’ म्हणत होतात का?

मालवामराठी
म्हणायलाच हवं होतं.

स्नेहलतागंज
‘उरलेल्या षटकांत मिळून सरासरी षटकामागे किमान 9.6’ असं लिहू का? लांबलंय फार. आणि मुलगी विचारतेय, ‘मागे’ म्हणजे संपलेल्या ओव्हरमधे का?

रामबागकर
बघा! म्हणून म्हटलं, ‘षटकी’.

उषामावशी
षटकी की षटकाची? आमच्याकडे ‘शेकडा’ म्हणतात, ‘शेकडी’ कुणी म्हणत नाही.